चाळीसचा प्लॅन

इंटरनेट कनेक्शनच्या फॉर्मवर २०० एमबीपीएस स्पीडसमोर टिक करून झाली होती. महिना संपायला दोन दिवस उरले होते आणि टार्गेट गाठायला शुभांगीला एकच मोठं कनेक्शन हवं होतं. सांगलीच्या गावभागातल्या त्या जुन्या घरात आजींनी तिच्यापुढे चहा आणि खारी ठेवली.

“घरात मोबाइल किती, आजी?”

“हा एकच.” आजींनी फोन पदराने पुसून पुढे केला. मागचं झाकण निघू नये म्हणून त्याला रबर लावलेलं. “रविवारी पुण्याहून नातीचा व्हिडिओ कॉल येतो. बोलता बोलता तिचं तोंड हलायचंच थांबतं गं. तेवढं नीट झालं की बास.”

शुभांगी त्या रबराकडे बघत राहिली. एका व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आजींनी पेन्शनच्या पासबुकात ठेवलेल्या नोटा काढल्या आणि बोट ओलं करून एकेक मोजायला घेतल्या.

“थांबा आजी.” तिने फॉर्म मधोमध फाडला. “तुम्हाला चाळीसचाच प्लॅन भरपूर होईल. पैसेही निम्मे.”

“तुझं काही नुकसान नाही ना?”

“नाही हो,” ती म्हणाली. ते खरं नव्हतं.

तिने पिशवीतून कोरा फॉर्म काढला. “नातीशी बोलताना कुठे बसता?”

आजींनी खिडकीजवळची खुर्ची दाखवली.

“मग राउटर तिथेच लावू.”