श्वास आधी, हालचाल मागून : सोमवारच्या सकाळच्या वर्गाच्या सूचना

(मुलुंड पूर्व, सोसायटीचा हॉल. सकाळी सव्वासहा ते सात. पावसाळा. खिडक्या उघड्या, पंखा मंद.)

या, बसून घ्या. पाय ओले असतील तर आधी पुसा, पावसात या लाद्या निसरड्या होतात. चटई भिंतीपासून हातभर पुढे ओढा. काका, गुडघा दुखत असेल तर खुर्ची घ्या. खुर्चीवरही सगळं होतं. मी प्रत्येक वेळी खुर्चीवाल्यांसाठी वेगळं सांगेन.

सुरुवातीला एक विनंती. आज कुणीही कुणाच्या गतीने चालायचं नाही. माझ्याही नाही. मी म्हणेन "श्वास घ्या" आणि तुमचा आधीचा श्वास अजून सुटतच असेल, तर तो पूर्ण सुटू द्या, मग घ्या. मागे राहिलात तरी चालेल. श्वास अर्धवट तोडून माझ्याबरोबर येऊ नका.

डोळे मिटा. मिटावेसे वाटत नसतील तर नजर खाली, चटईच्या कडेवर ठेवा. हात मांड्यांवर. पाठ सरळ, पण ताठ नाही. खांदे कानांपासून खाली येऊ द्या. जबडा सैल. वरचे दात खालच्या दातांना टेकलेले नकोत.

आता काही बदलू नका. नुसतं बघा, श्वास कुठे जाणवतो. नाकपुडीच्या कडेला? छातीत? पोटाशी?

(पाच श्वास शांतता.)

बाहेर आवाज आहेत, असू द्या. लोकल जाते आहे, कुणाचा कुकर लागला आहे. ऐकू येईल, आणि श्वासही चालू राहील.

एक तळहात पोटावर ठेवा, बेंबीच्या जरा वर. श्वास घ्या… हात पुढे सरकू द्या. श्वास सोडा… हात आपोआप मागे येऊ द्या. पोट ढकलायचं नाही, आत ओढायचंही नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायू आहे. श्वास घेताना तो खाली सरकतो, पोटातल्या अवयवांना थोडी जागा द्यावी लागते, म्हणून पोट पुढे येतं. एवढंच घडतंय. पोट लपवायची सवय आपल्याला इतकी असते की हा साधा श्वास विसरायला होतो. इथे लपवायचं कारण नाही.

श्वास घ्या… दोन… तीन… चार.
सोडा… दोन… तीन… चार… पाच… सहा.
घ्या… दोन… तीन… चार.
सोडा… सावकाश… सावकाश… अजून थोडा… गेला.

सहा आकडे जमत नसतील तर पाच करा. घेण्यापेक्षा सोडणं थोडं लांब, एवढंच धरून ठेवा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. लांब उच्छ्वासाने शरीर निवतं ते यामुळे. ज्यांना आत्ता सात-बाराची लोकल डोळ्यांसमोर दिसते आहे, त्यांनी सोडण्याकडे जास्त लक्ष द्या.

(स्वतःच्या गतीने सहा श्वास.)

हात खाली. डोळे हळूहळू उघडा.

बसल्या बसल्याच मान. श्वास सोडत हनुवटी छातीकडे… घेत मान मध्ये. सोडत उजवीकडे बघा… घेत मध्ये. सोडत डावीकडे… घेत मध्ये. मान गोल फिरवायची नाही. खांद्यांसाठी एकच : श्वास घेत खांदे कानांपर्यंत वर… आणि तोंडाने सोडत, "हाऽऽ" असा आवाज करत, खाली. अजून दोनदा. आवाज येऊ द्या, संकोच नको.

आता गुडघ्यांवर आणि तळव्यांवर या. मार्जारासन. खुर्चीवाले, तळवे गुडघ्यांवर ठेवा, पाठीची हालचाल तीच. गुडघ्यांखाली टॉवेलची घडी घ्या. मनगटं खांद्यांच्या बरोबर खाली, बोटं पसरलेली.

इथे जरा थांबू या, कारण श्वास आणि हालचाल यांची गाठ कुठे बसते ते या आसनात सगळ्यात लवकर कळतं. श्वास सुरू होऊ द्या, आणि मग, अगदी क्षणभराने, पाठ निघू द्या. श्वास पुढे, पाठ मागे. संपताना उलट : पाठ थांबली तरी श्वासाचं टोक अजून शिल्लक असू दे.

श्वास घ्या… पोट जमिनीकडे… छाती पुढे उघडते… नजर समोर, मान मोडून वर नाही.
श्वास सोडा… माकडहाड आत… कंबर वर… मग पाठीचा मधला भाग… मग खांद्यांमधली जागा… शेवटी डोकं खाली.
श्वास घ्या… माकडहाडापासूनच सुरुवात… एकेक मणका… शेवटी मान.
सोडा… पाठ गोल… बेंबी मणक्याकडे… सगळा श्वास जाऊ दे.

काकू, कोपर अगदी ताठ झाली आहेत, एक बोटभर सैल करा. छान.

आता मी बोलणार नाही. सहा श्वास तुमचे. श्वास छोटा असेल तर हालचालही छोटी.

(सहा श्वास शांतता.)

श्वास सोडत नितंब टाचांकडे, कपाळ चटईवर किंवा दोन मुठींवर. बालासन. इथे पोट मांड्यांवर दाबलं जातं, म्हणून श्वास पाठीत जातो. फासळ्या मागच्या बाजूने उघडताना जाणवतात का बघा.

(चार श्वास.)

श्वास घेत वर या. सावकाश उभे राहा, एक पाय पुढे घेऊन, हाताचा आधार घेऊन.

सूर्यनमस्कार. आज बारा घालायचे नाहीत. दोनच घालू, पण प्रत्येक पायरीला एक पूर्ण श्वास. रक्तदाब जास्त असेल, काचबिंदू असेल, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डोकं कमरेखाली न्यायचं नाही. त्यांनी आणि ज्या ताई गरोदर आहेत त्यांनी भिंतीला तळवे टेकून फक्त हात वर आणि हात खाली, याच श्वासांवर करायचं. ते अपुरं नाही. श्वास तोच आहे.

पाय जुळवून उभे. तळवे छातीशी. श्वास सोडा… पूर्ण.
श्वास घ्या… हात समोरून वर… छाती उघडते. कंबर मागे ढकलू नका.
सोडा… कमरेतून पुढे… गुडघे वाकले तरी चालतील… हात पावलांच्या बाजूला.
घ्या… उजवा पाय लांब मागे… गुडघा टेकवा… नजर समोर.
सोडा… डावा पायही मागे… कंबर वर… डोकं दोन्ही दंडांमध्ये सैल. पर्वतासन.
श्वास सुटलेलाच असू द्या… गुडघे, छाती, हनुवटी जमिनीवर. श्वास हवासा वाटला तर लगेच घ्या, अडवून ठेवू नका.
घ्या… पुढे सरकत भुजंगासन… कोपर शरीराजवळ… खांदे खाली.
सोडा… पुन्हा पर्वत. घाईने नाही. तळव्यांनी जमीन लांब ढकला.
घ्या… उजवा पाय दोन हातांच्या मध्ये. एका झेपेत आला नाही तर हाताने उचलून ठेवा.
सोडा… डावा पाय पुढे… डोकं खाली सोडून द्या.
घ्या… हात कानांजवळून वर… सावकाश, चक्कर नको.
सोडा… तळवे छातीशी.

थांबा. लगेच दुसरा नाही. छातीचे ठोके ऐका. श्वास पुन्हा नाकाने, शांत येईपर्यंत उभे राहा. दम लागला असेल तर आपण श्वासापेक्षा जोरात गेलो, एवढाच त्याचा अर्थ. पुढचा हळू घ्या.

(चार श्वास.)

आता डावा पाय मागे. आसनांची नावं तुम्हाला माहीत आहेत. मी फक्त श्वास सांगते.

सोडा… घ्या… सोडा… घ्या… सोडा… थांबा… घ्या… सोडा… घ्या… सोडा… घ्या… सोडा.

सुंदर. हॉलमध्ये पावलं आपटल्याचा एकही आवाज आला नाही, आणि मला त्याचा खरंच आनंद आहे.

पाठीवर झोपा. आधी कुशीवर, मग पाठीवर. गुडघे वाकवा, पावलं कमरेइतक्या अंतरावर. सेतुबंध : घेत कंबर वर… सोडत एकेक मणका खाली, वरून सुरुवात. चार वेळा. मग सोडत दोन्ही गुडघे पोटाशी, हातांनी धरा, घेत थोडे सैल, सोडत जवळ. खुर्चीवाले, एकेक गुडघा.

(चार श्वास.)

पाय लांब करा. शवासन. पाय सैल, पावलं बाहेर पडू द्या. तळवे वर. गार वाटत असेल तर ओढणी किंवा पंचा पोटावर घ्या. आता श्वास मोजायचा नाही, लांब करायचा नाही. तो जसा येईल तसा.

श्वास सोडताना टाचा जमिनीवर जड… पोटऱ्या जड… मांड्या… कंबर… पाठीचा जेवढा भाग चटईला टेकतो तेवढा टेकू द्या… बोटं… कोपर… खांदे… घसा सैल… जीभ तोंडात सैल… भुवयांमधली जागा रुंद.

झोप लागली तर लागू दे. मी उठवेन.

(पाच मिनिटं शांतता.)

बोटं हलवा. पावलं हलवा. श्वास थोडा खोल. उजव्या कुशीवर वळा, दोन श्वास तिथेच. मग हाताने जमीन दाबत उठा, डोकं सगळ्यात शेवटी.

शेवटचं, अनुलोम-विलोम, कुंभक न करता. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम उभं केलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावरचा परिणाम उपकरणांनी मोजायला घेतला. आपल्याला मोजायचं काही नाही, पण त्यांच्यासारखं नीट लक्ष देऊन करू या. उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद. डावीने घ्या… चार. अनामिकेने डावी बंद, उजवीने सोडा… सहा. उजवीने घ्या… डावीने सोडा. हे एक आवर्तन. बोट टेकवायचं, दाबायचं नाही. या दिवसांत नाक चोंदलेलं असेल तर जोर लावू नका, दोन्ही नाकपुड्यांनी शांत श्वास घ्या. आठ आवर्तनं.

(आठ आवर्तनं.)

हात खाली. डोळे उघडा.

चटया गुंडाळून कपाटात ठेवा, खुर्च्या भिंतीला लावा, सात वाजता कराटेची मुलं येतात. पाणी थोडं थोडं प्या, भरपेट नाश्ता लगेच नको. आज गाडीत उभं राहावं लागलं तर दांडीला धरून सोडण्याचा श्वास लांब करा, तेवढा सराव पुरे. बुधवारी याच वेळेला, आणि येताना सगळ्यांनी टॉवेल आणा, गुडघ्यांसाठी.