नानाकाकांना, त्या मोफत रिचार्जच्या लिंकबद्दल

ती. नानाकाका, साष्टांग नमस्कार.

मेतकूट आणि लिंबाचं लोणचं पोचलं. काकूंना सांगा, मेतकूट अर्धं संपलंसुद्धा.

आता मुद्द्याचं. काल रात्री तुम्ही आपल्या घरच्या ग्रुपवर 'गणेशोत्सवानिमित्त ट्रायकडून सर्वांना ३ महिन्यांचा रिचार्ज मोफत' हा मेसेज टाकलात. तो खोटा आहे. ग्रुपवर न लिहिता मुद्दाम तुम्हाला एकट्याला लिहितोय. सगळ्यांचं भलं व्हावं म्हणूनच तुम्ही तो पाठवलात, हे मला पक्कं माहीत आहे. आणि मेसेज नुसता 'खोटा आहे' म्हटल्यावर तुम्ही 'कशावरून?' विचारणार, हेही माहीत आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

लिंक अशी होती:

trai-free-recharge.ganesh-gift84.xyz/r?m=3

सुरुवातीला trai दिसतं, त्यामुळे वाटतं सरकारी आहे. पण तुम्ही पोस्टात इतकी वर्षं टपाल लावलंत. पाकीट हातात आलं की तुम्ही आधी शेवटची ओळ बघायचात, गाव कुठलं, पिनकोड कुठला. वर कुणी 'श्री. कलेक्टरसाहेब' लिहिलं म्हणून पत्र कलेक्टर कचेरीत जात नसे. लिंकचंही तसंच. सुरुवातीला https:// असेल तर ते सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं. इथे आहे ganesh-gift84.xyz. हे त्यांचं खरं गाव. त्याच्या आधी trai लिहा, नाहीतर राष्ट्रपती भवन लिहा, कुणी अडवत नाही. ट्रायचा खरा पत्ता trai.gov.in असा आहे. शिवाय ट्राय ही फोन कंपन्यांना नियम घालून देणारी संस्था. ती ना सिम विकते, ना रिचार्ज देते.

माझ्याकडे एक जुना फोन पडून आहे, त्यात सिम नाही की बँकेचं काही नाही. त्यावर काल रात्री मी ती लिंक उघडली. (तुम्ही उघडू नका. आवरत नाही म्हणून मी उघडली.) गणपतीचा फोटो, फटाके, 'अभिनंदन!' आणि खाली मोबाईल नंबर टाकायचा चौकोन. मी टाकला 1234567890. आपल्याकडे मोबाईल नंबर एकपासून सुरूच होत नाही, तरी पान म्हणतं, 'तुमचा नंबर पात्र आहे!' खाली कुणी पूजाताई लिहितात, 'मला मिळाला, धन्यवाद', '२ मिनिटांपूर्वी'. आज सकाळी पुन्हा पाहिलं तर पूजाताईंना रिचार्ज मिळून अजून दोनच मिनिटं झालेली. 'फक्त १३७ रिचार्ज शिल्लक' हा आकडाही रात्रभर तसाच.

मग ते म्हणतं, १२ जणांना पाठवा, म्हणजे रिचार्ज सुरू होईल. एक हिरवी पट्टी असते, ती भरत जाते. मी बटण दाबायचो, व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं, मी कुणालाही न पाठवता परत यायचो. पट्टी तरी भरली! कुणाला किती मेसेज गेले हे त्या पानाला कळतच नाही. ती पट्टी नुसती चित्रातली.

एवढा खटाटोप कशाला, तर तुमच्यासाठीच. अनोळखी नंबरवरून हा मेसेज आला असता तर आपल्या घरात कुणी बोट लावलं नसतं. 'नानांनी पाठवलंय' म्हटल्यावर सुमनआत्यापासून सगळे उघडणार. चोराला तुमचं नाव फुकटात वापरायला मिळतं. शिवाय जो नंबर टाकतो तो गिऱ्हाईक म्हणून नोंदला जातो, मग 'बँकेतून बोलतोय' वगैरे फोन सुरू होतात.

खरा धोका शेवटच्या पायरीला होता. पट्टी भरल्यावर त्यांनी Recharge_Gift.apk नावाचं अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितलं. तिथे मी थांबलो. असली अ‍ॅप फोनमधले एसएमएस वाचायची परवानगी मागतात. बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो, आणि तुमचं पेन्शनचं खातं याच नंबरला जोडलेलं आहे. एवढंच सांगतो.

काही ठिकाणी अ‍ॅपऐवजी 'रिचार्जची रक्कम जमा करण्यासाठी यूपीआय पिन टाका' म्हणतात. मनीऑर्डर घेताना माणूस सही करायचा किंवा अंगठा द्यायचा, खिशातून पैसे काढून देत नसे ना? तसंच. पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पोरगा फार शहाणा झालाय. तर ऐका. गेल्या वर्षी 'पार्सलचा पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा' असा मेसेज मला आला आणि मी कार्डाचा नंबर टाकून बसलो. चार हजार गेले. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा मी! बाबांना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तुम्ही किंवा काकूंनी लिंक नुसती उघडली असेल, नंबर टाकला असेल, तरी घाबरू नका. पुढचे काही दिवस अनोळखी फोनवर कुणाला काही सांगायचं नाही, एवढंच. पण अ‍ॅप उतरवलं असेल तर फोनचं इंटरनेट लगेच बंद करा आणि काकूंच्या फोनवरून मला फोन करा, रात्री दोन वाजले तरी चालेल. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर माझी वाट बघू नका. आधी 1930 लावा, तो सायबर फसवणुकीसाठी सरकारी नंबर आहे. मग बँकेला, पण बँकेचा नंबर पासबुकावरचा घ्या, गूगलवर शोधलेला नको.

एक काम आजच कराल का? ग्रुपवरच्या त्या मेसेजवर बोट दाबून ठेवा, डब्याचं चिन्ह येईल, ते दाबा आणि Delete for everyone निवडा. दोन दिवसांच्या आतच हे जमतं, नंतर नाही. भजनी मंडळाच्या ग्रुपवर पाठवला असेल तर तिथलाही काढा. आणि तिथे हवं तर एवढं टाका, मी लिहून ठेवलंय:

'मंडळी, काल मी पाठवलेला मोफत रिचार्जचा मेसेज खोटा असल्याचं कळलं. कृपया लिंक उघडू नये, पुढे पाठवू नये. कुणी त्यातलं अ‍ॅप घेतलं असल्यास मला फोन करावा. - नाना'

फोन तुम्हालाच करायला सांगितलाय, कारण मंडळातले लोक तुमचंच ऐकतात. पुढचं मी बघून घेईन.

रविवारी स्वारगेटहून सकाळच्या गाडीने वाईला येतोय. तुमचा रिचार्ज २७ तारखेला संपतोय, तो मी येऊन करतो. पैसे नेहमीसारखे रोख घेईन, नाहीतर तुम्ही करूच देणार नाही.

आपला,
मंदार