व्यंकटराव नव्हे, गोदावरी
(डेल्फ्टच्या टीमसोबत पहिला कॉल)

नमस्कार. माझा आवाज येतोय ना? नव्या माणसाने ओळख स्वतःच्या भाषेत करून द्यायची, ही तुमच्या टीमची रीत मला फार आवडली. स्वातीताई, मी मधेमधे थांबते, तुम्ही इंग्रजीत सांगत चला. कुठं अडलं तर सोडून द्या.

आधी नावाचा घोळ मिटवते. तुमच्या स्क्रीनवर मी Vyankatrao Mule अशी दिसतेय आणि काल मला "डिअर व्यंकटराव" अशा तीन मेल आल्या. व्यंकटराव माझे वडील. ते लातूरला असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत आणि त्यांना तुमच्या सर्व्हरचं पासवर्ड धोरण अजिबात माहीत नाही. आमच्याकडे आधी स्वतःचं नाव, मग वडलांचं, शेवटी आडनाव. पासपोर्टवर माझं आणि वडलांचं नाव एकाच रकान्यात आलं, आणि तुमच्या सिस्टिमने त्यातलं नेमकं दुसरं उचललं. माझं लग्न झालंय. रिवाजाप्रमाणे मधे नवऱ्याचं नाव यायला हवं होतं, पण मी कागद बदलले नाहीत. बदलले असते तर आज तुम्ही मला "डिअर संतोष" म्हणाला असता.

आडनाव मुळे. हे खेचर नव्हे, मूळ आहे, झाडाचं असतं ते. त्यातल्या 'ळ'साठी जिभेचा शेंडा मागे वळवून टाळूला लावायचा आणि सोडायचा. नाही जमलं तर चालेल, पुण्यामुंबईतही सगळ्यांना जमत नाही.

आणि माझं नाव गोदावरी. आजी गंगाखेडची. ते गाव गोदावरीच्या काठी आहे आणि तिकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी जन्मले तेव्हा आजी म्हणाली, "माय, गंगा आली घरी." पण शाळेत गंगा नावाच्या आधीच दोन मुली असल्यामुळे वडलांनी गोदावरी लावलं. परवा मुलाखतीत कुणीतरी तुमच्या डच 'ग'ने मला "खोदावरी" अशी हाक मारली. आमच्याकडे दर उन्हाळ्यात लोक बोअर खोदतच असतात, त्यामुळे परकं काही वाटलं नाही. तरी गोदा म्हणा, सोपं पडेल.

आता मी कुठून बोलतेय ते सांगते. लातूर मराठवाड्यात आहे. हा भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. माझे आजोबा उर्दूत शिकले आणि शेवटपर्यंत सही उर्दूतच करायचे. तेलंगणा-कर्नाटक जवळ, म्हणून घरोघर एखादा व्यंकट सापडतो, तिरुपतीच्या व्यंकटेशावरून. भारतातल्या लोकांना लातूर म्हटलं की १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवतो, नाहीतर बारावीचा 'लातूर पॅटर्न'. मला आठवतो २०१६ चा एप्रिल. मांजरा धरण आटलं होतं आणि मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पाणी आलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या न्हाणीघराच्या दारामागे आईने खडूने रेघा ओढल्या होत्या, टँकर आला की एक रेघ. दोन रेघांमध्ये किती दिवस गेले, ते बाजूला बारीक आकड्यात. माझ्या आयुष्यातला पहिला डेटा लॉग तोच. पुढे घराला रंग दिला, तेव्हा आईने तेवढं दार रंगवू दिलं नाही.

गेली सहा वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या सॉफ्टवेअरवर काम करते, मुख्यतः गळती शोधण्यावर. रात्री दोन ते चारच्या दरम्यान गाव झोपलेलं असतं. त्या वेळचा मीटरचा प्रवाह बघायचा. नळ बंद, तरी आकडा खाली येत नाही, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. स्वातीताई, हे दोन्ही अर्थांनी सांगता येणार नाही, राहू द्या! तुमच्याकडे नळाला चोवीस तास पाणी असतं, त्यामुळे ही पद्धत सरळ लागू पडते. आमच्या बऱ्याच गावांत पाणी काही दिवसांआड, तेही तासभर येतं. तिथं रात्रीचा प्रवाहच नसतो, पाइप रिकामे असतात आणि पाणी सोडलं की आधी हवा मीटर फिरवते. असल्या खोट्या आकड्यांशी झगडण्यातच माझी बरीच वर्षं गेलीत. तुमच्या टीममध्ये मी आणेन तर तेच.

वेळेचं म्हणाल तर सध्या तुमचे सकाळचे दहा म्हणजे माझे दुपारचे दीड. मी घरूनच काम करते. लाइट गेली तर इन्व्हर्टर दोन तास ओढतो, राउटरही त्यावरच आहे. मागून "गोदे, काय करायलीस, जेवलीस का?" असं ऐकू आलं तर ती आई. कॉल कुणाचाही असो, ती दीडला विचारणारच.

एवढंच. मेलमध्ये नावाच्या रकान्यात काय बदलायचं, ते कुणाला सांगू?