संक्रांतीच्या शुभेच्छा, सोलापुरातून

मृण्मयी, संक्रांतीच्या मनापासून शुभेच्छा! तिळगूळ घ्या, गोड बोला. तुम्ही तर तसंही गोडच बोलता, त्यामुळे दुसरं वाक्य फक्त रीत म्हणून लिहिलंय.

सकाळपासून फोनवर पतंगांचे आणि तिळाच्या लाडवांचे इतके फोटो येऊन पडलेत की त्यातलाच एक तुम्हाला पुढे ढकलावा असं वाटेना. शिवाय रविवारच्या फोनवर तुम्ही विचारलं होतं, "तुमच्याकडे संक्रांतीला काय काय असतं?" आणि मी सांगायला सुरुवात केली तेवढ्यात "घाटकोपर आलं, ठेवते" म्हणून तुम्ही फोन ठेवलात. ते उत्तर राहूनच गेलं. आज घरी आहे, गच्चीवर ऊन मस्त पडलंय, म्हणलं आता निवांत टाईप करावं. थोडं लांब होईल, ट्रेनमध्ये गर्दी असेल तर घरी गेल्यावर वाचा, काही घाई नाही.

तर आमच्याकडे संक्रांत म्हणजे गड्डा. सिद्धेश्वर महाराजांची यात्रा. काल भोगीला अक्षता सोहळा झाला. सात नंदीध्वज असतात, उंचच्या उंच काठ्या, सजवलेल्या, आणि त्या पेलणारी माणसं पांढरी बाराबंदी घालून अनवाणी चालतात. अख्खं गाव रस्त्याला. मी पुण्यात सहा वर्षं झाली राहतोय पण या तीन-चार दिवसांची सुट्टी कधी चुकवली नाही, मॅनेजरला डिसेंबरमध्येच सांगून ठेवतो. काल संमती कट्ट्यावर दुपारी ते "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" सुरू झालं आणि हजारो हात एकदम वर गेले, अक्षता उडाल्या, तेव्हा दरवर्षीसारखाच अंगावर काटा आला. माझ्या शेजारी एक आजोबा होते, त्यांना गर्दीत हात वर करता येईना तर त्यांनी त्यांच्या मुठीतल्या अक्षता माझ्या हातात दिल्या, म्हणाले माझ्याही टाक. टाकल्या.

यामागची गोष्ट अशी की एका कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं होतं, पण ते योगी, त्यांना संसार करायचा नव्हता, मग त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला परवानगी दिली. बाराव्या शतकातली गोष्ट, आणि ते लग्न अजून दरवर्षी लागतं. लहानपणी मला ती गोष्ट नुसती गंमत वाटायची. काल पहिल्यांदा वाटलं की त्यात नाही म्हणणंसुद्धा किती मायेनं म्हणलंय. (लग्नाची गोष्ट सांगतोय म्हणून काही सुचवतोय असं प्लीज वाटून घेऊ नका, आमची यात्राच तशी आहे, ही गोष्ट सोडून ती सांगताच येत नाही.)

आज संध्याकाळी होम मैदानावर होम, उद्या किंक्रांतीला शोभेचं दारूकाम. ते बघायला आम्ही सगळी चुलत-मावस भावंडं एका काकांच्या गच्चीवर जमतो, दरवर्षी तीच गच्ची, तोच चिवडा.

आता खाण्याचं. काल भोगीची भाजी झाली, त्यात सोलाणे, गाजर, वांगी, पावटा, घेवडा, बोरं आणि वरून भरपूर तिळाचं आणि दाण्याचं कूट. सोबत तीळ लावून थापलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. आज शेंगापोळी आहे, गुळाची. तव्यावरून काढल्या काढल्या खायची नाही, आतला गूळ जीभ भाजतो, हे मला माहीत असून मी दरवर्षी भाजून घेतो. आईनं सुगडं पूजली सकाळी, आता हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलवायचं त्याची यादी चाललीय, रथसप्तमीपर्यंत आमच्या घरात हेच वातावरण.

आणि आता जे खरं लिहायचं होतं ते. परवा संध्याकाळी आईसोबत नव्या पेठेत गेलो होतो, तिथे एका दुकानात काटेरी हलवा मांडला होता, पांढरा, केशरी, गुलाबी. एरवी मी त्या परातींकडे बघतसुद्धा नाही. पण तुम्ही सांगितलं होतं ना, की रत्नागिरीला तुमच्या आजी शेगडीच्या मंद आचेवर परात ठेवून, थेंब थेंब पाक घालत, तीळ हातानं हलवत बसायच्या आणि तुम्ही शेजारी बसून बोटं चटकवून घ्यायचात, आणि आता त्यांचे हात दुखतात म्हणून चार वर्षं घरी हलवा झालाच नाही. तेच आठवलं. मी तिथे थांबून राहिलो तर आई म्हणाली काय बघतोयस, मी म्हणलं काही नाही, हा करायला किती वेळ लागतो गं? तर दुकानदारांनीच सांगितलं की दिवस जातात त्यात. एवढासा दाणा आणि त्याला एवढं बसणं. तुमच्या आजींबद्दल तुम्ही त्या दिवशी ज्या आवाजात बोललात तो मला दुकानात उभं राहून जास्त कळला.

आपलं बोलणं फोनवर दोनदाच झालंय, त्यामुळे अमुक पाठवू का तमुक पाठवू का असं काही विचारत नाही. फक्त एवढंच सांगावंसं वाटलं की तुम्ही सांगितलेलं लक्षात आहे, आणि ते आठवून सणाच्या गर्दीत छान वाटलं.

घरच्यांनी भेटायचं कधी, हे दोन्हीकडून विचारणं चालू आहे, मला माहितीय. ते तुमच्या सवडीनं, तुमचं ऑफिसचं महिनाअखेरचं क्लोजिंग झाल्यावर ठरवू, तुम्ही म्हणाल तसं. हा मेसेज त्यासाठी नाही. आज सण आहे आणि ज्यांच्याशी बोलायला बरं वाटतं त्यांना सणाला आपल्या हातानं दोन ओळी लिहाव्यात असं आमचे आजोबा करायचे, ते पोस्टकार्ड लिहायचे आणि त्यावर खरंच दोन तीळ चिकटवायचे डिंकानं. फोनवर तीळ चिकटवता येत नाहीत, म्हणून ओळी जास्त झाल्या.

तुम्हाला, तुमच्या आई-बाबांना आणि आजींना आमच्या घरातून शुभेच्छा सांगा. तुम्ही एकट्याच ठाण्यात असाल तर आज ऑफिसच्या डब्यात काहीतरी गोड असू दे, शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन येतीलच, त्या आल्या नाहीत तर तुम्ही जा.

आणि आजींशी आज फोन झाला तर एक विचाराल का? आमची आई म्हणते थंडी चांगली पडली की हलव्याला काटा चांगला येतो, दुकानदार म्हणाले सगळं पाकावर असतं. दोघांचं तिथेच थोडं वाजलं. आजी काय म्हणतात ते सांगा, आईला मी तेच फायनल म्हणून सांगणार आहे.

– अनिकेत