पावती कुठंय, अक्का? — ग्राहक तक्रार दाखल करण्याची चित्रफीत

लांबी सुमारे आठ मिनिटे. चित्रीकरण सोलापुरात, अशोक चौकाच्या मागच्या बाजूला एका घरात. पात्रे: पद्माअक्का (घरी शाळेचे गणवेश शिवतात), मेघना (त्यांची भाची, कॉलेजात शिकते), दुकानदार (चेहरा दिसत नाही, फक्त आवाज).

दृश्य 1. एप्रिलची सकाळ

कॅमेरा शिलाई मशीनच्या सुईवर. खाली कापलेली खाकी चड्डी. मोटार घर्रर्र करते, चार टाके पडतात, आवाज बसतो, सुई कापडात तशीच अडकून राहते. संगीत नको. मागे शेजारच्या यंत्रमागाचा खटखटाट येतो, तो तसाच ठेवा.

पद्माअक्का: बघ, परत तेच. चार टाके टाकले की बंद पडू लालीय. जूनच्या आधी दोनशे नग द्यायचेत. कशी देऊ?

मेघना (कॅमेऱ्याकडे): अक्कांनी ही मोटारीची मशीन 7 फेब्रुवारीला नवी पेठेतून घेतली. 28,500 रुपये, रोख. 3 मार्चला पहिल्यांदा बंद पडली. मेकॅनिक तीनदा येऊन गेला. आता दुकानदार फोन उचलत नाही. तुम्ही असतात तर काय केलं असतं? दुकानात जाऊन भांडला असतात. अक्काही भांडल्या.

दृश्य 2. दुकानाच्या काउंटरची कड, बिलबुकावर बोट आपटणारा हात

दुकानदार: अक्का, वाचा ना खाली. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." आणि तुम्ही धंद्यासाठी घेतलीय, ग्राहक कोर्टात तुमचं कोण ऐकणार?

मेघना: दोन वाक्यं, आणि दोन्ही चुकीची.

(पडद्यावर बिलाची तळओळ मोठी होते, तिच्यावर लाल काट.)

मेघना: बिलावर काय छापायचं ते दुकानदार ठरवेल, पण कायदा काही तो लिहीत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत. अक्कांची मशीन चोविसाव्या दिवशी बंद पडली आणि त्याच दिवशी त्यांनी दुकानात सांगितलं.

आता दुसरं वाक्य. इथे बरेच लोक घाबरून मागे फिरतात, म्हणून जरा थांबू या. वस्तू व्यापारासाठी घेतली तर तुम्ही "ग्राहक" नाही, इतकं खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी, म्हणजे स्वयंरोजगारासाठीच घेतलेली वस्तू त्यात धरत नाहीत. कोणी वीस मशीन लावून कारागीर ठेवले असते तर गोष्ट वेगळी होती. अक्कांची मशीन एक, आणि पायडलवर पाय अक्कांचाच. तक्रारीत हे वाक्य लिहायला विसरायचं नाही:

(पडद्यावर) "ही मशीन मी स्वतः चालवते व त्यावरच माझा उदरनिर्वाह आहे."

दृश्य 3. पत्र्याचा बिस्किटांचा डबा

जमिनीवर डबा उपडा होतो. वीजबिलं, लग्नपत्रिका, रेशनकार्डाची झेरॉक्स, मग मशीनचं बिल.

मेघना: पावती मिळाली. वॉरंटी कार्डही आहे, एक वर्षाचं. मेकॅनिक येऊन गेल्याचं काय?

पद्माअक्का: कागद कुठला? आला, खोलली, लावली, चहा पिऊन गेला.

मेघना (कॅमेऱ्याकडे): इथेच आपण हरतो. मेकॅनिक आला की त्याच्याकडून तारीख आणि दुरुस्ती लिहिलेला कागद घ्यायचा. नसेल देत, तर त्याच दिवशी दुकानदाराला एक संदेश पाठवायचा: "आज तुमचा माणूस येऊन गेला, मशीन पुन्हा बंद आहे." अक्कांचं नशीब, त्यांनी तिन्ही वेळा दुकानदाराला मशीनचा व्हिडिओ पाठवला होता. 3 मार्च, 14 मार्च, 2 एप्रिल. स्क्रीनशॉट काढले, तारखा दिसतील असे. आणि हो, बाहेरच्या मेकॅनिककडून मशीन खोलून घेऊ नका. उद्या समोरचा म्हणेल, बिघाड त्यानेच केला.

दृश्य 4. वहीचं पान, बॉलपेन

अक्का लिहितात, कॅमेरा अक्षरांबरोबर सरकतो. दुकानाच्या नावावर त्यांचा अंगठा.

पद्माअक्का (लिहिता लिहिता वाचतात): "दिनांक 6 एप्रिल 2026. मी आपल्याकडून 7 फेब्रुवारी 2026 रोजी शिलाई मशीन 28,500 रुपयांस घेतली. 3 मार्चपासून मशीन चालता चालता बंद पडते. आपल्या मेकॅनिकने तीन वेळा दुरुस्ती करूनही दोष गेलेला नाही. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत मशीन बदलून द्यावी अथवा पूर्ण रक्कम परत करावी. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. सोबत बिलाची प्रत."

मेघना: झालं की. शिवी नाही, "तुम्हाला बघून घेते" नाही. एक प्रत दुकानदाराला, एक मशीन बनवणाऱ्या कंपनीला, दोन्ही स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. तिसरी आपल्या फाइलीत. नोटीस वकिलाकडूनच गेली पाहिजे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

(पोस्टाच्या पावतीवर कॅमेरा दोन सेकंद.)

दृश्य 5. 22 एप्रिल, पंधरवडा उलटला

अक्का फोन स्पीकरवर ठेवतात. पडद्यावर मोठ्या अक्षरात: 1915

मेघना: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सकाळी 8 ते रात्री 8, पैसे लागत नाहीत, मराठीत बोला. consumerhelpline.gov.in वरही नोंद करता येते. बिल हातात ठेवूनच फोन लावा. तारीख, रक्कम, दुकानाचं नाव विचारतात. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो लगेच लिहून घ्या. इथून कंपनीला कळवलं जातं, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या इथेच नमतात. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. समोरच्याने कानाडोळा केला तर पुढची पायरी आहे ग्राहक आयोगाची, म्हणजे दुकानदार ज्याला ग्राहक कोर्ट म्हणाला त्याची. आणि हेल्पलाइन वगळून थेट आयोगाकडे गेलात तरी चालतं.

दृश्य 6. तक्रार अर्ज

स्टुलावर लॅपटॉप, शेजारी शेंगाचटणी-भाकरीचं ताट. उन्हं कलली आहेत.

मेघना: तक्रार कुठे करायची? तुम्ही भरलेली रक्कम बघायची. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याच्याही वर राष्ट्रीय आयोग. भरपाई किती मागता त्यावर हे ठरत नाही. आणि कंपनी दिल्लीची असो नाहीतर चेन्नईची, तुम्ही सोलापुरात राहता किंवा इथे काम करता, तर सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते.

पद्माअक्का: फी किती?

मेघना: 5 लाखांपर्यंत शून्य.

पद्माअक्का: शून्य?

मेघना: शून्य. 5 ते 10 लाखांना 200, 20 लाखांपर्यंत 400, 50 लाखांपर्यंत 1,000.

(लॅपटॉपचा पडदा: e-jagriti.gov.in)

मेघना: मोबाइल क्रमांक किंवा ईमेल देऊन नोंदणी, ओटीपी टाकायचा. मग नवी तक्रार. आयोग जिल्हा, राज्य महाराष्ट्र, जिल्हा सोलापूर. तक्रारदार अक्का. सामनेवाले दोन: एक दुकानदार, दोन कंपनी. दोघांना धरा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. पत्ते बिलावरून आणि मशीनच्या खोक्यावरून घ्या. पत्ता चुकला तर नोटीस परत येते आणि महिने वाया जातात.

कागद पीडीएफ करून चढवायचे: सूची, तारखांचा तक्ता, तक्रार, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, बिल, वॉरंटी, स्क्रीनशॉट, नोटीस, पोस्टाची पावती. फोटो काढताना पंख्याची सावली कागदावर पडू देऊ नका. अक्कांचं बिल आम्ही तीनदा काढलं.

तक्रारीच्या शेवटी काय हवं ते नेमकं लिहा:

(पडद्यावर) "मशीनची किंमत 28,500 रुपये परत मिळावी किंवा नवी निर्दोष मशीन मिळावी. बुडालेल्या शिलाईपोटी 12,000 रुपये, मानसिक त्रासापोटी 5,000 रुपये व तक्रारीचा खर्च 3,000 रुपये मिळावा."

पद्माअक्का: लाखभर लिहू या की गं.

मेघना: बुडालेल्या शिलाईचे 12,000 कुठून आले? तुमच्या वहीतून. परत गेलेल्या ऑर्डरी, नगाचा दर. लाखाचा हिशेब वहीत आहे का?

(अक्का भाकरी मोडतात, काही बोलत नाहीत.)

मेघना: इंटरनेट जमत नसेल तर जिल्हा आयोगाच्या कार्यालयात कागदी तक्रारही देता येते. तीन संच, शिवाय जितके सामनेवाले तितके आणखी. अक्कांचे पाच झाले असते. मुदत मात्र लक्षात ठेवा: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

दृश्य 7. आयोगात काय होतं

(साधी रेखाचित्रं. हा भाग भरभर जाऊ द्या.)

मेघना: आधी कागद तपासतात. त्रुटी निघाली तर कळवतात, दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही ते साधारण 21 दिवसांत ठरतं. मग सामनेवाल्याला नोटीस. त्याला उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. दोष डोळ्यांनी कळत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत तपासायला जाते. निकाल तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत लागावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, वेळ जास्त लागतो. वकील करायची सक्ती नाही, अक्का स्वतः उभ्या राहू शकतात, आणि सुनावणी व्हिडिओवरही मागता येते. दोघांची तयारी असेल तर आयोग मध्यस्थीकडे पाठवतो. निकाल पटला नाही तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. आदेश होऊनही समोरच्याने पाळला नाही, तर महिनाभर ते तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा 25,000 ते 1 लाख दंड, किंवा दोन्ही.

दृश्य 8. जुलै. पहिल्या पावसाची ओली गल्ली

मशीनवर जुनी सोलापुरी चादर पांघरलेली. अक्का शेजारणीच्या पायमशीनवर शिवत आहेत. फोन वाजतो. पडद्यावर नाव दिसू नये.

दुकानदार (फोनवर, मऊ आवाजात): अक्का, नोटीस मिळाली ओ. कशाला आयोग-बियोग? उद्या नवी मशीन पाठवतो. तेवढी तक्रार मागे घ्या म्हणजे झालं.

अक्का मेघनाकडे बघतात. मेघना मान हलवत नाही, नुसती पेन पुढे करते.

पद्माअक्का: पाठवा की. पण हेच कागदावर लिहून सही-शिक्का करून द्या. मशीन आली, दोन दिवस चालली, की मग तारखेला आयोगापुढे दोघं मिळून सांगू.

दुकानदार: फोनवर सांगतोय ना, अक्का...

पद्माअक्का: फोनवर तुम्ही मार्चपासून सांगताय.

(फोन ठेवतात. पायमशीन सुरू होते. पडदा काळा, पांढऱ्या अक्षरात: 1915 | consumerhelpline.gov.in | e-jagriti.gov.in)