गोधडीला निरोप सांगा

सोमवार, रात्री ९:१२

मुक्ता: नमस्कार, मी मुक्ता, तिसऱ्या मजल्यावरच्या हिशेब विभागातली. नंबर ऑफिसच्या ग्रुपवरून घेतलाय. आवडलं नसेल तर तसं सांगा, पुन्हा मेसेज करणार नाही. आज लिफ्टमध्ये तुमच्या मोबाइलवर एक मांजर दिसली. एक कान काळा, एक तांबूस, हनुवटी पांढरी. तेव्हापासून तिचं नाव काय असेल याचाच विचार चाललाय.

ईशान: नमस्कार! गोधडी. सगळ्या रंगांची ठिगळं आहेत म्हणून. पण बोका असेल अशी शंका नाही आली तुम्हाला?

मुक्ता: तीन रंग दिसले की मांजरीच, पैज लावून सांगता येतं. तांबूस रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. काळा आणि तांबूस दोन्ही अंगावर यायला दोन एक्स लागतात, बोक्याकडे एकच असतं. तीन रंगांचा बोका जन्मतो, पण फार क्वचित.

मुक्ता: आणि गोधडी हे नाव ज्यांना सुचलं त्यांच्याशी आणखी बोलायला मला आवडेल. हे लिफ्टमध्येच म्हणायचं होतं, तेवढ्यात तुमचा मजला आला.

मंगळवार, रात्री ८:४०

मुक्ता: आज फोटो नको, गोष्ट हवी. ती तुमच्याकडे आली कशी?

ईशान: मागच्या पावसाळ्यात. पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरखाली बसली होती, तळहाताएवढी. मी हात लावला की फिस्कारायची. तीन संध्याकाळी मी नुसता शेजारी बसून राहिलो. चौथ्या दिवशी स्वतःच पिशवीत शिरली.

मुक्ता: तीन संध्याकाळी?

ईशान: घाई केली असती तर पळाली असती.

मुक्ता: थांबा, हे वाक्य मला परत वाचायचंय.

बुधवार, रात्री १०:०५

मुक्ता: गोधडीबद्दल एक सांगायचं राहिलं होतं. २००१ साली अमेरिकेत, टेक्सासमध्ये, मांजराचं पहिलं क्लोन जन्मलं. जिच्या पेशीतून ते केलं ती गोधडीसारखीच तीन रंगांची. जनुकं तीच, पण पिल्लाचे रंग भलतेच निघाले. तांबूस रंग तर आलाच नाही. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गप्प बसतं. कोणतं बसणार हे पिल्लू पोटात असतानाच ठरतं, जणू चिठ्ठी टाकून. त्या पेशीतला तांबूसवाला एक्स आधीच गप्प झालेला होता. म्हणजे तुमच्या गोधडीचे ठिपके पुन्हा कुणाच्याही अंगावर तसेच पडणार नाहीत.

मुक्ता: आणि जगात एकुलती एक असलेली ही बाई नेमकी तुमच्याच स्कूटरखाली येऊन बसली. तिची पारख चांगली आहे.

ईशान: तुमचीही असावी.

मुक्ता: माझी तर आहेच.

गुरुवार, सायंकाळी ७:३०

मुक्ता: एक तक्रार आहे. गोधडीला तुम्ही हाक कशी मारता?

ईशान: "अगं गोधडे, खाली उतर."

मुक्ता: बघा. तिला "अगं" आणि मला अजून "तुम्ही". हा दुजाभाव कधी संपणार?

ईशान: अगं मुक्ता, आत्ता संपला.

मुक्ता: एवढंच उद्या समोर म्हणशील? आवाजासकट ऐकायचंय.

शुक्रवार, दुपारी १:१५

मुक्ता: ऐकलं. निम्मा मजला वळून बघत होता. मी वळले नाही, कारण मी हसत होते.

शनिवार, रात्री ९:५०

ईशान: गोधडीने काल रात्रीपासून काही खाल्लं नाहीये. वाटीपाशी जाते, हुंगते, परत येते.

मुक्ता: पाणी पितेय? उलटी? शू झाली का?

ईशान: पाणी थोडं प्यायली. उलटी नाही. शू झाली.

मुक्ता: ठीक. सकाळची वाट न बघता आत्ताच डॉक्टरांना फोन कर. मांजर जवळपास दिवसभर उपाशी असेल तर थांबायचं नसतं. फार काळ पोट रिकामं राहिलं की त्यांच्या यकृतात चरबी साचायला लागते. वाटीपर्यंत जाऊन परत येतेय म्हणजे भूक असेल आणि तोंड दुखत असेल, पण हा माझा अंदाज. बघणार डॉक्टरच.

मुक्ता: घरातली आपली कोणतीही गोळी देऊ नकोस. पॅरासिटामॉल तर अजिबातच नाही, मांजरांना ते विष आहे. तिचा पिंजरा आत्ताच खोलीत उघडून ठेव आणि आत तुझा वापरलेला टी-शर्ट घाल, धुतलेला नको. निघताना वरून टॉवेल टाक, अंधार असला की त्यांना धीर येतो. गाडीत तिच्याशी बोलत राहा.

ईशान: डॉक्टर म्हणाले घेऊन या. निघतोय.

मुक्ता: नीट जा. फोन हातातच आहे माझ्या.

शनिवार, रात्री ११:३५

ईशान: मागची एक दाढ दुखतेय. हिरडी सुजलीय. वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं, आठवड्याने दाढ काढायचीय. तुझा अंदाज बरोबर होता.

मुक्ता: जेवली?

ईशान: ओलं खाणं मऊ करून दिलं. वाटी चाटून पुसून.

मुक्ता: आणि तू?

ईशान: मी विसरलो.

मुक्ता: मग आता तूही वाटी चाटूनपुसून साफ कर, मला कळव आणि झोप. तू तिच्याशी गाडीत काय बोललास ते मात्र उद्या सांगायचं.

रविवार, सकाळी १०:२०

ईशान: "घाबरू नकोस, मी आहे" एवढंच. पंधरावीस वेळा.

मुक्ता: ईशान, आज काही मिस्कील लिहायला जमत नाहीये. तू फार चांगला माणूस आहेस. गोधडीला माझ्याकडून कानामागे खाजव.

बुधवार, रात्री ९:००

मुक्ता: रुग्णाची तब्येत?

ईशान: पडदा फाडला.

मुक्ता: वा! म्हणजे पूर्ण बरी आहे. मला भेटायचंय तिला.

ईशान: पाहुणे आले की ती वॉशिंग मशीनमागे जाते. माझा सख्खा भाऊ चार वेळा आलाय, त्याला फक्त शेपूट दिसलीय.

मुक्ता: शेपटीपासून सुरुवात करू. मला तीन संध्याकाळी देशील?

ईशान: चौथीही दिली असती.

मुक्ता: ती मी मागणारच होते.

गुरुवार, रात्री ९:२५

मुक्ता: येताना फुलं आणणार आहे, तुझ्यासाठी. लिली मुद्दाम टाळलीय. तिचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मांजरांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि घरात ठेवलेलं फूल ती हुंगल्याशिवाय राहणार नाही. गुलाब तिला विषारी नाही. काटे मी काढून आणते.

ईशान: मला आजवर कुणी फुलं दिलेली नाहीत.

मुक्ता: मग एक जास्त आणते.

शुक्रवार, रात्री १०:१०

मुक्ता: मांजरीशी ओळख करायची एक रीत आहे. तिच्याकडे बघून डोळे अर्धे मिटायचे, मग सावकाश पूर्ण मिटायचे. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं. अनोळखी माणसाने आधी असे डोळे मिटले तर मांजरं त्याच्या पुढे केलेल्या हाताजवळ जास्त येतात. मी आरशासमोर सराव करतेय.

मुक्ता: त्यावरून आठवलं. आजच्या मीटिंगमध्ये तू माझ्याकडे बघून असेच सावकाश डोळे मिटलेस. झोप होती की रीत?

ईशान: दुपारी तीनची मीटिंग होती.

ईशान: पण तुझ्याकडे बघताना मला झोप येत नाही.

मुक्ता: आता मला येणार नाही.

रविवार, दुपारी ३:४०

मुक्ता: निघतेय. नियम मला पाठ आहेत: जमिनीवर बसायचं, आवाज खालचा, हात पुढे करायचा नाही, तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. तुझ्याकडे बघितलेलं चालेल ना? डोळ्यांना कुठेतरी ठेवायला हवं.

ईशान: चालेल. मी समोरच बसतो.

रविवार, रात्री ८:१५

मुक्ता: घरी पोचले. पन्नास मिनिटं, ईशान! पन्नास मिनिटं मी मशीनच्या दिशेला पाठ करून बसले. तू तिच्या खोड्या सांगत होतास आणि मी ऐकत होते, तेवढ्यात तळपायाला मिशा लागल्या. मी श्वास रोखून धरला होता, तुला दिसलं असेल.

ईशान: दिसलं. माझाही रोखला गेला होता.

मुक्ता: मग तिने गुडघ्याला कपाळाने धडक दिली आणि गाल घासला. त्यांच्या गालाजवळ, कपाळावर वासाच्या ग्रंथी असतात. ज्याला गाल घासला त्याला आपला वास लागला, म्हणजे तो आपल्यातला झाला. तिने मला आज घरात घेतलं.

ईशान: भावाला हे कळवू नकोस.

मुक्ता: नाही कळवत. दाढ काढायला बुधवारी ना? मी पण येते. टॉवेल मी धरते, "मी आहे" तू म्हण.

ईशान: ये. तिला बरं वाटेल.

ईशान: मलाही.

रविवार, रात्री ११:०२

ईशान: अगं, तुझा निळा स्कार्फ सोफ्यावर विसरलीस. गोधडी त्याच्यावर पाय मळत मळत झोपलीय. उठवायचं जिवावर आलंय. उद्या ऑफिसला आणू का?

मुक्ता: नको. मांजरं माणूस आधी वासाने ओळखतात. पुढच्या वेळी मी आले की तिला पन्नास मिनिटं लागू नयेत.

ईशान: म्हणजे विसरली नव्हतीस?

मुक्ता: नाही रे.