विषय: मुदतीआधी बंद केलेल्या लिफ्ट देखभाल कराराचा परतावा रु. ४६,४९२

दिनांक: १० नोव्हेंबर २०२५
(स्पीड पोस्टने व ईमेलने)

प्रति,
व्यवस्थापक, लेखा विभाग
(आमच्या दोन लिफ्टचे देखभाल ठेकेदार), पुणे

महोदय,

आमच्या अ आणि ब विंगच्या लिफ्टसाठी आपल्याशी १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ असा वार्षिक देखभाल करार झाला होता. शुल्क रु. ७३,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी रु. १३,१४०, एकूण रु. ८६,१४०. आपले बीजक २८ मार्च २०२५ चे आहे. त्याच दिवशी रु. ८४,६८० एनईएफटीने पाठवले आणि मूळ शुल्कावरचा २ टक्के टीडीएस, म्हणजे रु. १,४६०, आपल्या पॅनवर भरला. त्यामुळे परताव्याचा हिशेब बँकेत आलेल्या रकमेवर नाही, तर पूर्ण बीजकावर करायचा आहे. टीडीएसचे श्रेय आपल्याला मिळालेलेच आहे.

१२ सप्टेंबरच्या पत्राने आपण ३० सप्टेंबरपासून सेवा बंद करत असल्याचे कळवले. कलम ११.१ प्रमाणे ६० दिवसांची पूर्वसूचना हवी होती, मिळाली १८ दिवसांची. १ ऑक्टोबरपासून आम्हाला घाईने दुसरा परवानाधारक ठेकेदार नेमावा लागला. त्याबद्दल आम्ही वेगळी भरपाई मागत नाही. न दिलेल्या सेवेचे पैसे मात्र परत हवेत. ३० सप्टेंबरला सायंकाळी ५.४० वाजता आपल्या तंत्रज्ञाने मशीन रूम आणि कंट्रोल पॅनेलच्या किल्ल्या आमच्या ताब्यात दिल्या. तशी नोंद आणि त्याची सही रजिस्टरमध्ये आहे, म्हणून सेवा कधी थांबली याबद्दल वाद राहत नाही.

कलम ११.२ म्हणते: ठेकेदाराने करार संपवल्यास उरलेल्या दिवसांचे शुल्क दिवसांच्या प्रमाणात ३० दिवसांत परत करावे. ३६५ पैकी १८३ दिवस (१ एप्रिल ते ३० सप्टेंबर) सेवा झाली, १८२ दिवस उरले. ७३,००० भागिले ३६५ म्हणजे दिवसाला रु. २००. त्याप्रमाणे १८२ दिवसांचे रु. ३६,४०० होतात.

दुसरी बाब चुकलेल्या भेटींची. कलम ६.२ नुसार दर महिन्याला प्रत्येक लिफ्टची एक भेट ठरली होती आणि भेट न झाल्यास प्रत्येकी रु. १,००० वजा होणार होते. ब विंगच्या लॉगबुकात १७ जुलैच्या नोंदीत गाइड रेलला तेल दिल्याचे आणि दाराचा सेन्सर पुसल्याचे लिहिले आहे, त्यानंतरचे पान कोरे आहे. अ विंगच्या लॉगबुकात सप्टेंबरच्या भेटीची नोंद नाही. म्हणजे ब विंगची ऑगस्टची एक आणि सप्टेंबरची दोन्ही विंगची मिळून दोन, अशा तीन भेटी चुकल्या. त्यांचे रु. ३,०००.

एकूण रु. ३९,४००
अधिक १८ टक्के जीएसटी रु. ७,०९२
देय रु. ४६,४९२

आपल्या प्रतिनिधीने फोनवर दोन गोष्टी सांगितल्या, त्या दोन्ही आम्हाला मान्य नाहीत. १० टक्के प्रशासकीय शुल्क कलम ११.३ मध्ये आहे खरे, पण ते ग्राहकाने करार मोडला तर लागते. इथे करार आपण संपवला. रक्कम ‘पुढच्या कामात वळती’ करण्याची तरतूद करारात कुठेच नाही, आणि आपण सेवाच बंद केल्यावर पुढचे काम उरत नाही.

जीएसटीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या हिशेबनिसांच्या लक्षात आणून द्यावी. बीजक २०२४-२५ या आर्थिक वर्षातले आहे. त्या वर्षाच्या पुरवठ्याची क्रेडिट नोट सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे विवरणात दाखवण्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५ आहे. उशीर झाल्यास कर आपल्याच अंगावर पडू शकतो, तेव्हा त्या कारणाने आमचा परतावा कमी करू नये. संस्था जीएसटीत नोंदणीकृत नाही, त्यामुळे आम्ही या कराचे इनपुट क्रेडिट घेतलेले नाही आणि ते उलटवण्याचा प्रश्न येत नाही.

परताव्याची मुदत ३० ऑक्टोबरला संपली. कलम ११.४ प्रमाणे ३१ ऑक्टोबरपासून द.सा.द.शे. १२ टक्के व्याज लागू आहे, म्हणजे दिवसाला सुमारे रु. १५.२८. २५ नोव्हेंबर २०२५ पर्यंत पूर्ण रु. ४६,४९२, ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात, जमा करून क्रेडिट नोटची प्रत पाठवल्यास आम्ही व्याज सोडून देऊ. मूळ रकमेत तडजोड करण्याचा अधिकार मला नाही. हा सभासदांच्या वर्गणीचा पैसा आहे आणि लेखापरीक्षणात त्याचा जाब द्यावा लागतो.

त्या तारखेपर्यंत रक्कम न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ खाली पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे व्याज व खर्चासह दाद मागू. या कायद्यातल्या ‘व्यक्ती’च्या व्याख्येत सहकारी संस्थेचाही समावेश आहे.

हिशेबात कुठे फरक वाटत असल्यास कलमाचा क्रमांक देऊन लेखी कळवावे. फोनवरचे उत्तर आम्ही ग्राह्य धरणार नाही.

आपला,
मानद सचिव
व्यवस्थापक समितीच्या वतीने
सहकारी गृहनिर्माण संस्था, कोथरूड, पुणे ४११०३८

सोबत: कराराची प्रत, २८ मार्चचे बीजक, एनईएफटी व टीडीएसचा पुरावा, १२ सप्टेंबरचे पत्र, दोन्ही लॉगबुकांची जुलै ते सप्टेंबरची पाने, किल्ल्यांच्या नोंदीची प्रत.